पाच नंबरच्या बल्बमध्ये सात नंबरचं रक्त

लॅबच्या रजिस्टरमध्ये त्या सकाळची नोंद आमच्या सुपरवायझरनी दोन ओळींत केली होती. "लेबलिंग एरर, रिपोर्ट रिलीज होण्यापूर्वी लक्षात आली. सॅम्पल रिपीट. टेक्निशियनला समज दिली." खाली सही आणि तारीख. तपासणीला येणाऱ्यांना एवढं पुरतं. त्या नोंदीला मी हात लावला नाही, पण तिच्यासोबत दोन पानांचा अहवाल जोडला. त्याची प्रत वॉर्डच्या डॉक्टरांना आणि मेट्रनबाईंना दिली. ज्या तीन बायकांचं रक्त होतं त्यांच्या घरच्यांना त्यातला आपापला भाग दिला. त्यावर बरीच नाराजी झाली. "चुकीचा रिपोर्ट बाहेर गेलाच नाही, मग गावभर कशाला करायचं?" हा प्रश्न मला त्या आठवड्यात चार जणांनी तरी विचारला.

वेळेत सापडलेली अदलाबदल डॉक्टरला, वॉर्डला आणि पेशंटला सांगितलीच पाहिजे, आणि कशी सापडली तेही सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे त्या सकाळी काय झालं ते सविस्तर सांगितल्याशिवाय पटणार नाही.

महिला वॉर्डमधून सकाळी सहाच्या राउंडची पाच बायकांची सॅम्पल आली होती. प्रत्येकीचे दोन बल्ब: सीबीसीसाठी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीसाठी, जांभळ्या टोपणाचा, आणि किडनीचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिन वगैरेसाठी पिवळ्या टोपणाचा. सगळ्यांवर बारकोड व्यवस्थित, नाव आणि नंबर फॉर्मशी जुळलेले. सॅम्पल घेताना काउंटरवर जे बघतात त्यात काहीच खोट नव्हती. पावणेनऊच्या सुमाराला पाच नंबरच्या बाईंचा सीबीसी स्क्रीनवर लाल होऊन थांबला. हिमोग्लोबिन ११.९, एमसीव्ही ८९. हे दोन्ही आकडे कुणाही निरोगी बाईचे असू शकतात. पण याच बाईंचा पाच आठवड्यांपूर्वीचा रिपोर्ट आमच्याकडे होता आणि त्यात एमसीव्ही ६६ होता. त्या थॅलेसेमिया मायनर आहेत, हे तेव्हाच कळलं होतं.

एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचं सरासरी आकारमान, फेम्टोलिटरमध्ये मोजलेलं. हिमोग्लोबिन रक्तस्रावाने दोन दिवसांत खाली येतं, साखर तर तासाला बदलते. एमसीव्ही असा उड्या मारत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, त्यामुळे पाच आठवड्यांत जेमतेम तीस टक्के पेशी नव्या येतात. त्या सगळ्याच्या सगळ्या ८९ च्या आल्या असत्या, तरी जुन्या ६६ च्या पेशींत मिसळून सरासरी ७३ च्या आसपास गेली असती. आणि थॅलेसेमिया मायनरमध्ये तर पेशी जन्मभर लहानच तयार होतात. मधल्या काळात रक्त चढवलं असेल तर सरासरी वर जाऊ शकते, पण मग आलेखावर लहान आणि मोठ्या पेशींचे दोन उंचवटे दिसतात, निदान उंचवटा पसरट तरी होतो. इथे एकच सरळ, अरुंद उंचवटा होता. वॉर्डला फोन करून विचारलं, रक्त चढवलेलं नव्हतं. म्हणजे हे रक्त त्या बाईंचं नव्हतंच.

आधीच्या आकड्याशी अशी तुलना करण्याला लॅबमध्ये डेल्टा चेक म्हणतात. सॉफ्टवेअर ती आपोआप करतं आणि ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक असला की रिपोर्ट अडवतं. अडवलेला रिपोर्ट "ओके" करून पुढे सोडणं एका क्लिकचं काम असतं. सकाळच्या घाईत ती क्लिक होते, हेही मी पाहिलं आहे. त्या दिवशी ती झाली नाही, आणि त्याचं श्रेय मशीनवर बसलेल्या मुलीला आहे. तिने रॅक थांबवला आणि मला हाक मारली.

त्याच रॅकमध्ये सहा नंबरच्या बाईंचा बल्ब होता. त्याचा एमसीव्ही ६७, लाल पेशींची संख्या भरपूर, हिमोग्लोबिन १०.१. म्हणजे पाच नंबरच्या बाईंचं जुनं चित्र जसंच्या तसं. सहा नंबरच्या बाईंचा आमच्याकडे आधीचा काहीच रेकॉर्ड नव्हता, त्यामुळे त्यांच्या आकड्यांवर सॉफ्टवेअरने हरकत घेतली नव्हती. आमचा सीनियर टेक्निशियन बघताक्षणीच म्हणाला, "मॅडम, पाच आणि सहा उलटे झालेत. नावं बदलून टाकू. दहाला राउंड आहे, वरून दोनदा फोन आलाय."

सगळ्या गोष्टीतली खरी धोक्याची जागा ही होती. तो मुलगा कामचुकार नाही. पंधरा वर्षांच्या अनुभवातून बोलत होता, आणि वरवर पाहता बरोबर बोलत होता. पण आमच्या हातात पुरावा किती होता? पाचच्या बल्बमध्ये पाचचं रक्त नाही, एवढं पक्कं होतं. सहाच्या बल्बमध्ये पाचचं असावं, असं दिसत होतं. पाचच्या बल्बमध्ये सहाचंच आहे, याला मात्र काहीही आधार नव्हता. ते आम्ही मनाने जोडत होतो, कारण अदलाबदल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच माणसं येतात.

म्हणून रॅकमधल्या त्या वॉर्डच्या सगळ्या बल्बचे रक्तगट केले. जांभळ्या बल्बमधल्या पेशींवरून गट कळतो. पिवळ्या बल्बच्या सिरममधल्या अँटिबॉडीवरून उलट्या बाजूनेही तोच गट काढता येतो. दोन्ही बाजूंनी तपासण्याचं कारण असं, की फक्त एका बल्बचं लेबल चुकलं असेल तर दोन्हींचे गट सहसा जुळत नाहीत. इथे प्रत्येक जोडीत ते जुळले. म्हणजे एका वेळी टोचून दोन्ही बल्ब एकाच बाईच्या रक्ताने भरले होते, गोंधळ लॅबमध्ये झालेला नव्हता आणि मशीनचाही नव्हता. तो पलंगाशी झाला होता.

पाचच्या लेबलखाली ओ निघाला, सहाच्या लेबलखाली बी, सातच्या लेबलखाली ए. पाच नंबरच्या बाईंचा आमच्याकडचा गट बी. सहा नंबरच्या बाईंच्या फाइलमध्ये जुन्या ऑपरेशनच्या वेळचं कार्ड होतं, त्यावर ए लिहिलेलं. म्हणजे पाचच्या बल्बमधलं ओ गटाचं रक्त सहा नंबरच्या बाईंचं असू शकत नव्हतं. ते कुणा तिसरीचं होतं. आणि ए गटाचं रक्त सातच्या लेबलखाली होतं, ज्याचं क्रिएटिनिन आलं होतं ३.४.

आता नावं बदलली असती तर काय झालं असतं ते पाहा. पाचच्या लेबलखालच्या रक्ताचं क्रिएटिनिन ०.८ होतं, अगदी नॉर्मल. ते सहा नंबरच्या बाईंच्या नावावर गेलं असतं. त्या एकाहत्तर वर्षांच्या आहेत आणि त्यांचं अकरा वाजता पोटाचं सीटी स्कॅन ठरलं होतं, शिरेतून डाय देऊन. रेडिओलॉजीवाले डाय देण्याआधी क्रिएटिनिन पाहतात, ते त्यांना ०.८ दिसलं असतं. बाईंच्या किडन्या प्रत्यक्षात वीस टक्क्यांच्या खाली काम करत होत्या. आणि सात नंबरच्या, पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या तरण्याताठ्या बाईंच्या नावावर ३.४ लागून त्यांचं ऑपरेशन पुढे गेलं असतं. हे सगळं चूक सुधारून झाल्यावर. आम्ही एक अर्धी चूक पकडली असती आणि दुसरी स्वतःच्या हाताने, सही करून पाठवली असती.

म्हणून लॅबमध्ये नियम असा आहे, आणि त्याला अपवाद करू नये, की लेबलबद्दल शंका आलेला रक्ताचा बल्ब कुणाचाही नसतो. त्याच्यावर दुसरं लेबल लावायचं नाही, त्याचे आकडे कुणाच्याही नावावर द्यायचे नाहीत. संशयाच्या कक्षेत येणाऱ्या प्रत्येकाचं रक्त नव्याने घ्यायचं. बायोप्सीचा तुकडा किंवा पाठीच्या मणक्यातलं पाणी पुन्हा सहज मिळत नाही, तिथे वेगळे मार्ग काढावे लागतात. दंडातलं रक्त पाच मिनिटांत पुन्हा मिळतं. आम्ही पाचही बायकांचं घेतलं. साडेअकराला पक्के रिपोर्ट गेले. सहा नंबरच्या बाईंचं क्रिएटिनिन ३.५ आलं, गट ए. ओ गटाचं रक्त सात नंबरच्या बाईंचं होतं. सीटी थांबलं.

हे घडलं कसं, ते शोधायला मी दुपारी वॉर्डमध्ये गेले. रात्री तीनच्या सुमाराला पाच नंबरच्या बाईंना दम लागला. त्यांच्या पलंगाजवळचा ऑक्सिजनचा पॉइंट चालत नव्हता म्हणून त्यांना सहावर हलवलं. सहाच्या बाईंना संडासजवळची जागा हवी होती, त्यांना सातवर नेलं, आणि चालत्याफिरत्या सात नंबरच्या बाई पाचवर आल्या. रात्रपाळीच्या सिस्टर आणि मावशींनी हे अगदी योग्य केलं, एका बाईचा श्वास महत्त्वाचा होता. पण कॉम्प्युटरवर पलंग बदलले गेले नाहीत. पहाटे टेक्निशियन आला तेव्हा काउंटरवरच लेबलं लावून आणलेले बल्ब पलंगांच्या क्रमाने स्टँडमध्ये उभे होते. पाचच्या पलंगाशी जाऊन त्याने नाव घेऊन विचारलं, "अमुक बाई ना?" अर्धवट झोपेत त्या "हं" म्हणाल्या. इतर दोघींशीही असंच झालं.

मी त्याला तेच पुन्हा करून दाखवायला सांगितलं. पाच बायकांपैकी दोघी चुकीच्या नावालाही मान डोलावतात, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सहा वाजता अंधारात ऐप्रन घातलेलं कुणीतरी सुई घेऊन उभं असतं तेव्हा आपल्या आया-आज्या "हो" म्हणतात, तो त्यांचा मोठेपणा असतो. म्हणून प्रश्न "तुमचं पूर्ण नाव सांगा" असा विचारायचा, हातावरचा पट्टा वाचायचा, रक्त काढायचं आणि मग तिथेच, पलंगाशेजारी उभं राहून बल्बवर लेबल लावायचं. आधी लेबल लावलेला रिकामा बल्ब कुणाच्याही रक्ताने भरला जाऊ शकतो. या एका सवयीवर किती काही उभं आहे, हे लॅबच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं.

आता त्या अहवालाकडे येते. आमच्या धंद्यात अशा वेळी पेशंटला सांगायची एक ठरलेली सबब आहे: "सॅम्पल क्लॉट झालं होतं, परत द्यावं लागेल." जरा सभ्य वाटणारी दुसरी: "रक्त कमी पडलं." वर्षानुवर्षं आम्ही ती सांगत आलो आहोत. मला ती आता सहन होत नाही, आणि कारण फक्त खोटं बोलणं हे नाही. क्लॉट झालं म्हटलं की सगळे आपापल्या जागी परततात. वॉर्डला कळत नाही की रात्री पलंग हलवल्यावर कॉम्प्युटरमध्ये बदल न केल्याने तीन बायकांची रक्तं फिरली. मेट्रनबाईंना कळत नाही की ऑक्सिजनचा बंद पॉइंट तिथपर्यंत पोचला. डॉक्टरला कळत नाही की चेहऱ्याशी न जुळणारा रिपोर्ट आला तर लॅबला फोन करून "हे रक्त यांचंच का?" असं विचारायचा त्यांना हक्क आहे. आणि पेशंटला कळत नाही की "अमुक बाई ना?" असं कुणी विचारलं तर नुसती मान हलवायची नाही. ज्या चार जणांच्या हातात पुढची चूक अडवणं आहे, त्या चौघांपासून आपण ती माहिती लपवतो.

"टेक्निशियनला समज दिली" या वाक्याचंही तेच. समज देऊन ऑक्सिजनचा पॉइंट दुरुस्त होत नाही. आणि ज्याला समज मिळाली तो पुढच्या वेळी शंका आली तर हाक मारेल का? त्या दिवशी रॅक थांबवणाऱ्या मुलीने हे सगळं पाहिलं. आपण दाखवलेल्या चुकीमुळे एका सहकाऱ्याच्या पगारावर किंवा नोकरीवर आलं, असं तिला वाटलं असतं तर पुढचा लाल रिपोर्ट ती एका क्लिकने सोडून देईल, आणि मी तिला दोष देऊ शकणार नाही. जाणूनबुजून खोटी नोंद करणाऱ्याला शिक्षा व्हावी, त्यात वाद नाही. हे तसं नव्हतं.

लॅबच्या मालकांची भीती मला समजते. गल्लीत चार लॅब आहेत. आपण कबुली दिली की डॉक्टर पुढचा पेशंट अशा लॅबकडे पाठवतील, जी कधीच काही कबूल करत नाही. ही भीती खरी आहे, म्हणूनच हा प्रश्न एकेका लॅबच्या प्रामाणिकपणावर सोडून चालणार नाही. दहा देशांतल्या रुग्णालयांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. रक्तगटासाठी आलेल्या सॅम्पलपैकी सुमारे दोन हजारांत एका बल्बमध्ये लेबलवरच्या माणसाचं रक्त नव्हतं. तेच प्रमाण आपल्याकडे धरलं, तर दिवसाला चारशे पेशंट करणाऱ्या लॅबमध्ये दर पाच दिवसांनी असा एक बल्ब येणार. ज्या लॅबच्या रजिस्टरमध्ये वर्षभरात एकही नोंद नाही, तिथे चुका होत नाहीत असं मी मानत नाही. तिथे त्या सापडत नाहीत, किंवा लिहिल्या जात नाहीत.

ब्रिटनमध्ये १९९६ पासून शॉट नावाची व्यवस्था आहे. रक्तसंक्रमणातल्या चुका रुग्णालयं तिथे कळवतात, नावं गुप्त राहतात आणि दरवर्षी अहवाल सगळ्यांसाठी छापला जातो. त्यात वेळेत सापडलेल्या, कुणालाही इजा न झालेल्या चुकाही मोजतात. लेबल एकाचं आणि रक्त दुसऱ्याचं, हा प्रकार त्यात वर्षानुवर्षं येतो आणि कारणंही तीच येतात: पेशंटची ओळख नीट न पटवणं आणि लेबल पलंगापासून लांब लावणं. या नोंदी साठत गेल्या म्हणूनच तिथल्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत, पहिल्यांदाच आलेल्या पेशंटचा रक्तगट दुसऱ्या वेगळ्या सॅम्पलवर पक्का करावा, हे आलं. न घडलेल्या अपघातांची मोजदाद केल्यावर नियम बदलला, याचं ते उदाहरण आहे.

आपल्याकडे रक्तसंक्रमणातल्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम २०१२ पासून आहे. सीबीसी किंवा क्रिएटिनिनच्या सॅम्पलची अदलाबदल त्याच्या कक्षेत येत नाही. एनएबीएलची मान्यता घेतलेल्या लॅबला आयएसओ १५१८९ प्रमाणे अशी चूक नोंदवावी लागते, पण ती नोंद लॅबच्या कपाटात राहते, आणि मान्यता घेणं मुळात ऐच्छिक आहे. राज्याच्या आरोग्य खात्याने नाव न विचारता अशा नोंदी घेणारी एक जागा करावी, आणि वर्षातून एकदा त्या प्रसिद्ध कराव्यात. किती लॅब, किती चुका, कुठल्या टप्प्यावर सापडल्या आणि कशामुळे, एवढंच. शिक्षेची तरतूद त्यात पहिल्या दिवसापासून घातली, तर फॉर्म कोरे येतील.

डेल्टा चेकवर विसंबून राहू, असं कुणी म्हणेल. त्या दिवशी तो चालला, कारण पाच नंबरच्या बाई आमच्याकडे आधी येऊन गेल्या होत्या आणि त्यांचा एमसीव्ही लाखात उठून दिसणारा होता. फिरलेल्या तीन बायकांपैकी दोघींचा काहीच जुना रेकॉर्ड नव्हता. त्या दोघींचीच आपसात अदलाबदल झाली असती, तर ३.४ आणि ०.८ हे दोन्ही आकडे कसलीही घंटा न वाजता वर गेले असते. रक्तगटही दर वेळी कामाला येत नाही, आपल्याकडे दोन अनोळखी माणसांचा गट योगायोगाने जुळण्याची शक्यता जवळपास तीनात एक आहे.

सहा नंबरच्या बाईंच्या मुलाला मी अहवालाचं पान दिलं तेव्हा त्याने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं. तो चिडेल, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. त्याने पिशवीतून आईची फाइल काढली आणि आठ महिन्यांपूर्वीचा, दुसऱ्या कुठल्या तरी लॅबचा रिपोर्ट माझ्यापुढे ठेवला. क्रिएटिनिन ०.९. "मॅडम, मग हे तरी आईचंच होतं का?" आठ महिन्यांत किडन्या इतक्या बिघडू शकतात. त्या रिपोर्टच्या दिवशी बल्बमध्ये दुसऱ्या कुणाचं रक्त असणंही शक्य आहे. त्यावर तुलनेला काही नव्हतं, रक्तगट नव्हता, तो बल्ब केव्हाच फेकला गेला असणार. मी त्याला तसंच सांगितलं, आणि किडनीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिताना खाली लिहिलं: "जुना आकडा खात्रीचा धरू नये."